उन्हाने भाजलेल्या त्वचेवर ट्यूबमधले जेल लावावे की कोरफडीचे ताजे पान?

उन्हाने त्वचा लाल होऊन तिची आग होऊ लागली की कोरफड लावावी, हे जवळपास सगळ्यांनाच ठाऊक असते. गोंधळ सुरू होतो तो त्यापुढे. एका हाताशी हिरव्या रंगाच्या सुगंधी जेलची ट्यूब असते, तर दुसऱ्या हाताशी कुंडीतले जाड पानांचे रोप. ट्यूबच्या दर्शनी भागावर ‘शंभर टक्के’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दहा-बारा अनोळखी नावे असतात. त्यामुळे हा प्रश्न ‘नैसर्गिक की रासायनिक’ असा विचारला जातो आणि उत्तर पानाच्या बाजूने गृहीत धरले जाते. भाजलेल्या त्वचेचा विचार केला तर प्रश्न थोडा निराळा आहे: कोरफडीच्या गराबरोबर आणखी काय काय त्वचेवर येते? ट्यूबमधून पूरक द्रव्ये येतात आणि पानातून, नीट काळजी घेतली नाही तर, पिवळा चीक आणि जंतू येतात. यांपैकी कोणती गोष्ट त्वचेला सोसवते आणि कोणती सोसवत नाही, हे कळले की निवड बरीच सोपी होते.

ऊन लागल्यावर त्वचेत काय घडते

उन्हाने भाजणे हे तव्याचा चटका बसण्यासारखे वाटले, तरी त्याचे कारण उष्णता नसते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, त्यांतही प्रामुख्याने यूव्ही-बी या गटातले किरण, त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या डीएनएची मोडतोड करतात. दुखावलेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, त्या भागातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तेथे अधिक रक्त येऊ लागते. लाली, ऊब आणि वेदना ही या दाहाची लक्षणे आहेत. ही सारी प्रक्रिया सावकाश चालते. लाली साधारणतः तीन ते सहा तासांत दिसू लागते, बारा ते चोवीस तासांत ती सर्वाधिक होते आणि त्यानंतरच्या काही दिवसांत ओसरते. मग बऱ्याचदा साल निघते.

या वेळापत्रकातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की त्वचा लाल दिसू लागते तेव्हा इजा होऊन गेलेली असते आणि कोणतेही जेल ती पुसून टाकू शकत नाही. फार तर दाह थोडा कमी करता येतो आणि त्वचेतून निघून जाणारे पाणी काही प्रमाणात राखता येते. दुसरी गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवसानंतर लाली आपोआपच उतरणार असते, त्यामुळे त्या वेळी जे काही लावले असेल त्यालाच सारे श्रेय मिळते. कोरफडीबद्दलच्या कितीतरी अनुभवांचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आणखी एक बाब या लेखासाठी विशेष महत्त्वाची आहे. भाजलेल्या त्वचेचा बाहेरचा संरक्षक थर दुबळा झालेला असतो. त्यातून पाणी अधिक वेगाने बाहेर पडते आणि बाहेरची द्रव्ये अधिक सहजपणे आत शिरतात. एरवी ज्या सुगंधाचे किंवा अल्कोहोलचे काही वाटत नाही, तेच अशा वेळी झोंबते.

पानाच्या आत तीन थर

कोरफडीचे पान आडवे कापून पाहिले की बाहेरची हिरवी साल आणि आतला पारदर्शक गर हे दोन भाग लगेच दिसतात. या दोहोंच्या मध्ये, सालीला आतून चिकटून, बारीक वाहिन्यांचा एक थर असतो आणि त्यातून कडू, पिवळा चीक पाझरतो. गर आणि चीक एकाच पानात, एकमेकांपासून जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंतरावर असले, तरी त्यांचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे.

गरात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात लांब साखळीच्या शर्करा, काही सेंद्रिय आम्ले, खनिजे आणि विकरे असतात. या लांब साखळ्यांपैकी सर्वाधिक चर्चा ॲसिमॅनन या शर्करेची होते. गराला जो बुळबुळीतपणा असतो, तो मुख्यत्वे अशा शर्करांमुळे येतो. त्या पाण्याला धरून ठेवतात आणि त्वचेवर पातळ पापुद्रा तयार करतात. प्रयोगशाळेत त्यांचे दाहावर आणि पेशींच्या वाढीवर परिणामही दिसले आहेत. पिवळ्या चिकात मात्र ॲलॉइन आणि त्याच्या गटातली संयुगे असतात. पोटात गेल्यास ती तीव्र रेचक ठरतात आणि त्वचेवर लागल्यास काही जणांना खाज, पुरळ किंवा आग होते.

कोरफडीचा गुण किती खरा?

या प्रश्नाचे उत्तर कोरफडीचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक यांच्या मधोमध कोठेतरी आहे. थायलंडमध्ये २० स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरफडीच्या क्रीमने ना ऊन लागण्यापासून संरक्षण दिले, ना नंतरच्या भाजण्यावर उपयोग झाला. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे ४० स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाठीवरच्या ठरावीक जागी मोजून अतिनील किरण दिले गेले आणि त्यावर ९७.५ टक्के कोरफड असलेले जेल लावले गेले. ४८ तासांनंतर त्या जागेची लाली स्पष्टपणे कमी झालेली दिसली.

या दुसऱ्या प्रयोगातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. तुलनेसाठी हायड्रोकॉर्टिसोन हे दाहशामक औषध दोन रूपांत वापरले होते, एकदा साध्या जेलमध्ये मिसळून आणि एकदा क्रीममध्ये मिसळून, आणि दोन्हींत त्याचे प्रमाण १ टक्काच होते. जेलमधल्या औषधापेक्षा कोरफड सरस ठरली, पण क्रीममधले औषध कोरफडीपेक्षा सरस ठरले. औषध तेच आणि प्रमाणही तेच. बदलला तो केवळ त्याचा आधार, आणि तेवढ्याने निकाल उलटला. त्वचेवर लावायच्या पदार्थात मुख्य घटकाइतकाच त्याच्या भोवतालचा मिश्रणाचा पाया महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसते. म्हणूनच ‘कोरफड आहे का?’ एवढे विचारून भागत नाही.

ट्यूबमध्ये कोरफड कशी पोहोचते

कापलेल्या पानातला गर लवकर बिघडतो. त्यातली विकरे लांब शर्करांचे तुकडे करू लागतात, हवेच्या संपर्काने रंग तांबूस होतो आणि पाणी व साखर एकत्र असल्यामुळे जंतूंना तर तेथे पोषक वातावरणच मिळते. म्हणून कारखान्यात पानावरची साल काढतात, गर दळून गाळतात, चिकाचे अंश काढून टाकण्यासाठी तो सक्रिय कोळशातून नेतात आणि जंतू मारण्यासाठी तापवतात. अतिउष्णतेने किंवा फार वेळ तापवल्याने ॲसिमॅननचे प्रमाण घटते, त्यामुळे दोन कारखान्यांतल्या गरांत मोठा फरक असू शकतो. पुढे पुष्कळदा या रसातले पाणी काढून त्याची पूड करतात, कारण पूड वाहून नेणे आणि साठवणे सोपे पडते.

ही पूड समजून घेण्यासाठी दुधाच्या पुडीचा विचार करावा. दुधातले पाणी काढून पूड केली आणि ती पुन्हा योग्य प्रमाणात पाण्यात मिसळली तर साधारण दुधासारखे दूध तयार होते. चमचाभर पूड घागरभर पाण्यात टाकली तर नुसते पांढुरके पाणी होते. कोरफडीच्या रसात घन पदार्थ जेमतेम अर्धा ते एक टक्का असल्यामुळे त्याची पूड शेकडोपट संहत असते. ‘२०० पट’ असे वर्णन असलेली अर्धा ग्रॅम पूड पाण्यात मिसळून मिश्रण १०० ग्रॅम केले, तर ते मूळ रसाइतक्या ताकदीचे होते. म्हणजे यादीत अगदी खाली असलेल्या पुडीचे प्रमाणही पुरेसे असू शकते आणि यादीत सर्वांत वर असलेला रस जरुरीपेक्षा पातळही असू शकतो.

हा संशय निराधार नाही. २०१६ साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने अमेरिकेतील काही मोठ्या दुकानसाखळ्यांच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कोरफड-जेलांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. तपासलेल्या जेलांत कोरफडीची खूण मानले जाणारे ॲसिमॅनन सापडले नाही. काही जेलांत त्याऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन ही स्वस्त शर्करा आढळली. उत्पादकांनी हे निष्कर्ष अमान्य केले आणि चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. ट्यूबच्या दर्शनी भागावरून आत किती कोरफड आहे हे ओळखता येत नाही, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

दोन याद्या शेजारी ठेवून वाचू या

बहुतेक देशांत सौंदर्यप्रसाधनांवरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही एक टक्क्याची रेषा छापलेली नसते, पण ती अंदाजाने शोधता येते आणि त्यासाठी कार्बोमर हा घटक मदतीला येतो.

कार्बोमर ही पाण्याला दाटपणा आणणारी पूड आहे. ट्रायइथेनॉलअमाइन किंवा सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीबरोबर ती मिसळली की तिच्या लांब साखळ्या उलगडतात आणि पातळ पाण्याचे घट्ट, पारदर्शक जेल होते. हे काम बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास पूड वापरूनही होते. म्हणून यादीत कार्बोमर दिसला की आपण एक टक्क्याच्या रेषेजवळ किंवा तिच्या खाली आलो, असे सहसा समजता येते.

आता समजा एका ट्यूबवर ही यादी आहे: पाणी, अल्कोहोल डिनॅट, ग्लिसरीन, कार्बोमर, ट्रायइथेनॉलअमाइन, ॲलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस, मेंथॉल, डायझोलिडिनिल युरिया, सुगंध, निळा आणि पिवळा रंग. येथे कोरफडीचा रस कार्बोमरच्या नंतर आला आहे. हा संहत पूड नसून रस आहे आणि त्याचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहून कमी आहे. रसात स्वतःच ९९ टक्के पाणी असते हे लक्षात घेतले, तर १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये कोरफडीचे घन पदार्थ फार तर १० मिलिग्रॅमच्या घरात असतील. त्वचेला जे जाणवते ते अल्कोहोल आणि मेंथॉल, आणि डोळ्यांना जे दिसते ते कार्बोमर आणि रंग. ही ट्यूब म्हणजे दाट केलेले पाणी आणि अल्कोहोल आहे. तिला कोरफडीचे जेल म्हणणे माझ्या मते वापरणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे.

दुसऱ्या ट्यूबवरची यादी अशी समजू: ॲलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस, ग्लिसरीन, झँथन गम, सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, सायट्रिक आम्ल. येथे पहिलाच घटक रस आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. झँथन गम दाटपणा आणते. पुढची दोन द्रव्ये बुरशी आणि जंतू रोखतात, पण ती आम्लयुक्त मिश्रणातच नीट काम करतात, म्हणून सायट्रिक आम्ल घातलेले आहे. यातला प्रत्येक घटक कशासाठी आहे ते सांगता येते आणि त्यांपैकी एकही केवळ दिसण्यासाठी किंवा वासासाठी घातलेला नाही.

‘लीफ एक्स्ट्रॅक्ट’ असा उल्लेख असेल तर थोडे जपून वाचावे, कारण अर्क किती पातळ आहे हे या शब्दावरून कळत नाही. रंगाबद्दल मात्र संशयाला जागा नाही. पानातला गर पारदर्शक असतो, त्यामुळे ट्यूबमधले जेल गडद हिरवे असेल तर तो रंग वेगळा घातलेला असतो.

‘पण लावल्याबरोबर थंड वाटते, मग गुण येतोच ना?’

हा आक्षेप स्वाभाविक आहे, कारण भाजलेल्या माणसाला सर्वांत आधी हवा असतो तो थंडावा. फक्त तो थंडावा तीन वेगवेगळ्या मार्गांनी येतो आणि तिन्हींची किंमत सारखी नसते.

पाणी त्वचेवरून उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हा खरा थंडावा आहे आणि तो गराने मिळतो, साध्या जेलने मिळतो आणि गार पाण्यात भिजवलेल्या कापडानेही मिळतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा कितीतरी लवकर उडते, त्यामुळे ते अधिक गार वाटते, पण हा परिणाम काही क्षणांतच संपतो आणि जाताना ते त्वचेचा आधीच दुबळा झालेला स्निग्ध थर आणखी कोरडा करते. मेंथॉलचा मार्ग याहून निराळा आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारे ग्राहक असतात आणि मेंथॉल त्यांना थेट चेतवते. त्वचेचे तापमान जवळजवळ तेवढेच राहते, पण मेंदूला थंडीचा संदेश मिळतो. थोड्या प्रमाणात त्याने वेदना विसरायला मदत होते हे खरे; भाजलेल्या त्वचेवर मात्र तेच मेंथॉल पुष्कळांना झोंबते.

काही ‘सनबर्न’ जेलांत लिडोकेन किंवा बेंझोकेन ही बधिरता आणणारी द्रव्येही असतात. बेंझोकेनने त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका सर्वज्ञात आहे आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही उन्हाने भाजल्यावर अशी द्रव्ये टाळण्यास सांगते. लिडोकेन थोड्या जागेवर, अखंड त्वचेवर लावले तर सहसा त्रास होत नाही. पण ऊन लागते ते पाठ, खांदे आणि पाय अशा मोठ्या भागांवर, आणि तेथे पुन्हा पुन्हा थर दिला तर ते रक्तात शोषले जाऊन हृदयावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करू शकते. लहान मुलांच्या बाबतीत ही जोखीम घेऊच नये.

‘परिरक्षके नसलेलेच जेल घ्यावे का?’

परिरक्षक म्हणजे मिश्रणात जंतू आणि बुरशी वाढू न देणारे द्रव्य. या शब्दाबद्दल लोकांच्या मनात बरीच भीती असते आणि तिचा काही भाग रास्त आहे. मेथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतील संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला २०१३ चे ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ घोषित केले आणि लावून तसेच ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली. डायझोलिडिनिल युरिया आणि डीएमडीएम हायडँटॉइन ही द्रव्ये हळूहळू थोडे फॉर्मल्डिहाइड सोडून जंतू मारतात आणि ज्यांना फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी असते त्यांना ती त्रासदायक ठरतात. उलट, ज्यांची सर्वाधिक बदनामी झाली त्या पॅराबेन गटाला याच संघटनेने २०१९ साली ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हटले, म्हणजे त्यांच्यामुळे त्वचेची ॲलर्जी फारच क्वचित होते असे नोंदवले.

परिरक्षक अजिबात नसणे हा मात्र उपाय नाही. पाणी आणि शर्करा यांचे मिश्रण कित्येक महिने कपाटात पडून राहणार असेल आणि त्यात वरचेवर बोटे बुडणार असतील, तर त्यात जंतू वाढणारच, आणि ते सोललेल्या त्वचेवर जाणे ॲलर्जीपेक्षाही वाईट. म्हणून ट्यूब निवडताना परिरक्षक आहे की नाही, याऐवजी ते कोणते आहे ते पाहावे. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट किंवा फेनॉक्सिइथेनॉल ही नावे दिसली तर बहुतेकांना काळजीचे कारण नाही. रुंद तोंडाच्या डबीपेक्षा ट्यूब किंवा पंपाची बाटली बरी, कारण तिच्यात हात जात नाही.

परिरक्षकांपेक्षा सुगंधाबद्दल मी अधिक कडक भूमिका घेईन. परिरक्षक काही काम करते. सुगंध भाजलेल्या त्वचेसाठी काहीच करत नाही आणि त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांत त्याचा क्रमांक वरचा आहे. यादीत ‘परफ्यूम’, ‘पार्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असेल तर ती ट्यूब या कामासाठी बाजूला ठेवावी.

ताजे पान वापरायचे असेल तर

पानाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: त्यातला गर कोणी पातळ केलेला नसतो, तापवलेला नसतो आणि त्यात सुगंध नसतो. मात्र दुकानात जे काम कारखान्याने केलेले असते, तेच काम येथे आपल्याला करावे लागते आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे चीक वेगळा करणे.

आधी रोप ओळखावे. कोरफडीच्या कुळात शेकडो जाती आहेत आणि शोभेसाठी लावलेली प्रत्येक काटेरी, मांसल पानांची वनस्पती औषधी कोरफड नसते. खात्री नसेल तर ते रोप त्वचेसाठी वापरू नये. रोप योग्य असेल तर खालच्या बाजूचे, बाहेरचे, भरलेले पान बुडापासून कापावे, कारण कोवळ्या पानांत गर कमी असतो. कापलेले टोक खाली करून पान एखाद्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवले की पिवळा चीक ओघळून खाली जमा होतो. मग पान आणि हात दोन्ही साबण-पाण्याने धुवावेत. दोन्ही कडांचे काटे कापून टाकावेत आणि धारदार सुरीने एका बाजूची साल काढावी. साल काढताना काटकसर करू नये. सालीबरोबर थोडा गर गेला तरी चालेल, पण सालीखालचा पिवळसर थर गराला चिकटून राहता कामा नये. निघालेला पारदर्शक तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवावा. त्यावर कोठे पिवळी रेघ दिसली किंवा कडवट वास आला, तर तो भाग कापून टाकावा.

पुष्कळ जण पान मधोमध चिरून, सालीसकट, सरळ त्वचेवर घासतात. अशा वेळी गराबरोबर चीकही त्वचेवर पसरतो आणि ‘कोरफड मला सोसत नाही’ अशी तक्रार अनेकदा येथूनच निघते. त्यातच चिकातले ॲलो-इमोडिन हे संयुग प्रकाशाच्या सान्निध्यात पेशींना इजा करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ज्या त्वचेला नुकतेच ऊन लागले आहे तिच्यावर असे द्रव्य लावणे शहाणपणाचे नाही. प्रसाधनांतले घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने कोरफडीपासून केलेल्या घटकांत चिकातल्या या गटाची संयुगे दशलक्षात ५० भागांहून अधिक नसावीत, अशी मर्यादा सुचवली आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणूनच निथळणे आणि धुणे टाळू नये.

धुतलेला गर कोपराच्या आतल्या बाजूला, ऊन न लागलेल्या जागी, थोडासा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली नाही तर भाजलेल्या भागावर तो न चोळता पातळ थरात पसरावा आणि वाळू द्यावा. कापलेला तुकडा झाकून शीतकपाटात ठेवला तर एखादा दिवस टिकतो. त्याचा बुळबुळीतपणा जाऊन तो पाण्यासारखा पातळ झाला, तांबूस झाला किंवा त्याला आंबूस वास आला, तर टाकून द्यावा.

गर एकदाच काढून, मिक्सरमध्ये फिरवून, त्यात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून बाटलीत भरून ठेवण्याची कृती सर्रास सांगितली जाते. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतूंना ते रोखत नाही. त्यामुळे अशी बाटली काही दिवसांतच जंतूंनी भरते, मग ती दिसायला कितीही स्वच्छ असो.

पान की ट्यूब, आणि दोन्ही कधी नको

समजा कोणी दुपारी तीन तास उघड्यावर होते आणि संध्याकाळी त्याचे खांदे व मान लाल होऊन दुखू लागली. फोड नाहीत, ताप नाही. अशा वेळी प्रथम सावलीत येऊन गार, पण बर्फासारखे थंड नसलेले पाणी दहा-पंधरा मिनिटे त्या भागावर घ्यावे आणि भरपूर पाणी प्यावे. त्वचा टिपून किंचित ओलसर असतानाच गराचा किंवा सुगंध, अल्कोहोल व मेंथॉल नसलेल्या जेलचा पातळ थर द्यावा. लाली अजून वाढायची आहे हे माहीत असल्यामुळे रात्री ती जास्त दिसली म्हणून घाबरू नये किंवा जेल बदलू नये. दिवसातून तीन-चारदा थर द्यावा. गर वाळल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते, कारण त्याचा पापुद्रा आक्रसतो आणि त्यात स्निग्धता नसते. अशा वेळी त्यावर साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. या माणसासाठी पान आणि चांगली ट्यूब यांत मी मोठा फरक करणार नाही. भाजलेला भाग मोठा असेल किंवा त्वचा मुळातच नाजूक असेल, तर मात्र मी ट्यूबकडे झुकेन, कारण तिच्यात चीक राहून जाण्याची भीती कमी असते.

फोड फुटले असतील किंवा त्वचा उघडी पडली असेल तर पानाचा गर लावू नये, कारण तो कितीही धुतला तरी निर्जंतुक होत नाही. मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या, चक्कर किंवा गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काही असेल, किंवा भाजलेले मूल वर्षाच्या आतले असेल, तर कोरफडीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

भाजणे वाढले की जेलच सोसले नाही?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली कमी होण्याऐवजी वाढली, तर बहुतेक जण ऊन जास्त लागले असे समजून आणखी जेल लावतात. हा फरक ओळखता येतो. उन्हाच्या लालीची सीमा कपड्यांच्या कडेशी स्पष्ट थांबते. पट्ट्याखालची किंवा बाहीखालची त्वचा पांढरी राहते. जेलची ॲलर्जी मात्र जेल जेथे जेथे पोहोचले तेथे उमटते, मग ती जागा कपड्याखालची असो किंवा नुसत्या लावणाऱ्या हाताच्या बोटांची. उन्हाने भाजलेला भाग प्रामुख्याने दुखतो आणि स्पर्श सहन होत नाही, तर ॲलर्जीत खाज जास्त असते आणि बारीक पुटकुळ्या दिसतात. ॲलर्जीची लक्षणे बहुधा लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी येतात, म्हणजे नेमकी उन्हाची लाली उतरू लागायची असते तेव्हा. याउलट, लावताक्षणी झोंबणे आणि धुतल्यावर थांबणे हे बहुधा अल्कोहोल, मेंथॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या चुरचुरण्याचे लक्षण असते. ती ॲलर्जी नसते.

दोन्ही बाबतींत जेल साध्या पाण्याने धुऊन बंद करावे. पुरळ टिकून राहिले तर डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब बरोबर न्यावी, कारण पॅच टेस्टमध्ये कोणती द्रव्ये तपासायची हे त्यांना मागच्या बारीक अक्षरांतल्या यादीवरूनच ठरवता येते. आणि ताजे पान वापरले असेल तर चीक निथळला होता की नाही, हेही त्यांना सांगावे.